पाहुण्याच्या नावावरच्या तारखा

बाळंतपणाची रजा संपवून मी कामावर परत आले, तेव्हा माझ्या टेबलावरची धूळसुद्धा कोणीतरी नेमानं पुसत होतं. कुंडीतल्या झाडाला नवी पानं फुटली होती. मला बरं वाटायला हवं होतं, पण उलट जरा लागलंच. आपल्यावाचून कोणाचं काही अडलं नाही, हे इतक्या स्वच्छ टेबलावर बघायला मिळावं असं कोणाला वाटतं?

खरं तर आपल्यावाचून अडू नये याची सोय लावणं हेच माझं काम. आमचं मोठं शीतगृह आहे. फळं, मासळी, औषधं, सगळं थंडगार ठेवणारी प्रचंड दालनं, आणि त्यांना थंड ठेवणारा अमोनियाचा प्लँट. मी मनुष्यबळ विभागात. ज्या खुर्च्या एक दिवसही रिकाम्या राहून चालणार नाही अशा सात पदांचा उत्तराधिकार आराखडा मी सांभाळते. पदावर आज कोण आहे, तो कधी जाणार, त्याच्या जागी आत्ता तयार कोण, वर्षा-दोन वर्षांत तयार होईल असा कोण, आणि त्या माणसाला तयार करायला कोणत्या पायऱ्या, कोणाच्या हाताखाली, कोणत्या तारखेपर्यंत. पायरी पूर्ण झाली की शिकवणाऱ्यानं सही करायची, मग मी तारीख टाकून चौकट हिरवी करायची. वर्षातून दोनदा हा आराखडा संचालकांच्या समितीपुढे जातो.

"म्हणजे माणूस मरायच्या आधीच त्याच्या जागेवर दुसरा बघून ठेवायचा," नवरा चिडवायचा. "माझ्या रकान्यात कोणाला बसवलंयस?"

"तुमच्या जागी कोणीही चालेल," मी म्हणायचे. "ते पद काही महत्त्वाचं नाही."

हे पूर्वीचं. बाळ झाल्यावर तो विनोद आम्ही दोघांनीही केला नाही.

बाळाला मी रोज बरोबर आणत होते. मी रजेवर असतानाच कंपनीनं आवारात पाळणाघर सुरू केलं होतं. प्लँटच्या मागच्या मोकळ्या मैदानात पिवळी बैठी इमारत, खिडक्यांना जाळ्या, दारात छोट्या चपलांची रांग. दर दोन तासांनी मी तिला पाजायला जायचे. जाताना प्लँटच्या छपरावरचा वाऱ्याचा मोजा दिसायचा, तो केशरी पट्ट्यांचा, वारा ज्या बाजूला वाहतो त्या बाजूला फुगून आडवा होणारा. अमोनिया गळला तर कुठे जाईल ते तो सांगतो. पहिल्याच दिवशी मी मान वर केली आणि तो थेट पिवळ्या इमारतीकडे बोट दाखवावं तसा ताठ आडवा झाला होता. त्या दिवसापासून मी तो बघितल्याशिवाय एकदाही पुढे गेले नाही.

आमच्या प्लँटचे प्रमुख या महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. त्यांना सगळे वस्ताद म्हणायचे. त्यांच्या पदासमोर, "आत्ता तयार" या रकान्यात, पूर्वी एकच नाव होतं. टॉवरचं. एवढा उंच, की कॉम्प्रेसरच्या खोलीत शिरताना त्याला दारात वाकावं लागायचं. वस्तादांनी त्याला पोरगेला असल्यापासून घडवलं होतं. मी रजेवर गेले त्याच्या थोडं आधी तो वारला. प्लँटमध्ये नाही, घरीच, तापानं. आठवडाभर अंगावर काढला आणि गेला. त्याच्या जागी उपप्रमुख म्हणून बाहेरून एक इंजिनिअर आला होता. बाहेरून आला म्हणून फिटर त्याला पाहुणा म्हणायचे, आणि सहा-सात महिने झाले तरी तो पाहुणाच राहिला होता.

आता "आत्ता तयार" मध्ये पाहुण्याचं नाव होतं. चारही पायऱ्या हिरव्या. संपूर्ण वार्षिक दुरुस्तीत वस्तादांबरोबर काम: झालं. परवान्याची परीक्षा: झाली. वस्ताद रजेवर असताना सहा आठवडे प्लँटचा स्वतंत्र कार्यभार: झाला. गळतीच्या सरावात प्रमुख म्हणून नेतृत्व: झालं. बघून मला बरं वाटलं. मोजा इमारतीकडे बोट दाखवेना का, खालचा माणूस तयार आहे.

मग मी तारखा वाचल्या.

स्वतंत्र कार्यभाराची तारीख वाचून मी थांबले, कारण तो आठवडा मला चांगलाच लक्षात होता. त्याच आठवड्यात मी पाहुण्याच्या मुलाखतीला बसले होते, एका वेगळ्या जागेसाठी; तेव्हा त्याला घेतलं नव्हतं, टॉवर गेल्यावर बोलावलं. मला नुकतेच दिवस गेले होते, कोणाला सांगितलं नव्हतं, आणि कोणीतरी आणलेल्या कॉफीचा वास येऊन मी मध्येच उठून पळाले होते. परत आले तेव्हा समोरच्या उमेदवारानं काही न विचारता स्वतःपुढचा पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला होता. तो पाहुणा. ज्या आठवड्यात तो आमच्या दारात नोकरी मागायला आला होता, त्याच आठवड्यात आराखड्याप्रमाणे तो आमचा प्लँट एकट्यानं चालवत होता.

मी बाकीच्या तारखा बघितल्या. सगळ्या तो येण्याआधीच्या. फक्त परवाना त्याचा स्वतःचा होता.

काय झालं असेल ते मला लगेच कळलं, कारण ही चूक आमच्याच विभागात होऊ शकते, दुसरीकडे कुठे नाही. आमच्या प्रणालीत पायऱ्या माणसाला जोडलेल्या नाहीत, पदाला जोडलेल्या आहेत. नाव पुसून दुसरं टाकलं की रकान्यात नवं नाव येतं आणि खालच्या हिरव्या चौकटी तशाच राहतात. टॉवर गेला, समिती तोंडावर होती, मी नव्हते. कोणीतरी नाव बदललं. मेलेल्या माणसाचं शिक्षण जिवंत माणसाच्या अंगात घातलं आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

किंवा आलं होतं, प्लँटमध्ये. त्यांना फक्त ते असं सांगता येत नव्हतं.

दुपारी मी तिकडे गेले. कॉम्प्रेसरच्या खोलीबाहेर दोघे फिटर चहा पीत बसले होते.

"या ताई. बाळ काय म्हणतंय?"

"झोपलंय. पाहुणे आहेत का आत?"

"कोणते?" थोरला फिटर म्हणाला आणि धाकट्यानं त्याला कोपर मारलं. "नाही, आहेत आत. तीन ठोके ऐकू आले की समजायचं, आले."

"कसले ठोके?"

"टॉवर कॉम्प्रेसर चालू करायच्या आधी त्याच्या अंगावर पान्यानं तीनदा ठोकायचा. सवय त्याची. म्हणायचा, उठा राव. आता हा पण ठोकतो."

"बघून शिकला असेल."

"कोणाला बघून?" धाकटा म्हणाला. "टॉवर गेल्यावर आलाय हा."

आतून तीन ठोके ऐकू आले. सावकाश, मध्ये सारखं अंतर ठेवून. मग कॉम्प्रेसरची घरघर सुरू झाली. चहाचा ग्लास धाकट्यानं अर्धाच खाली ठेवला.

मी पाहुण्याला बाहेर बोलावलं. बुटका, गोल चेहऱ्याचा, कपाळाला घाम.

"गळतीचा सराव तुम्ही प्रमुख म्हणून केलाय का?" मी सरळ विचारलं.

"वस्ताद म्हणतात केलाय."

"तुम्ही काय म्हणता?"

"मॅडम, इथे सगळे मला मागच्या गोष्टी सांगतात. मागच्या वेळी तुम्ही असं केलं होतं, तसंच करा. आधी मी म्हणायचो, तो मी नव्हतो. मग वस्तादांचा चेहरा असा व्हायचा... आता नाही म्हणत." तो कसनुसा हसला. "आणि खरं सांगू? त्यांनी इतक्या वेळा सांगितलंय की आता मला ते आठवतं. सायरन, धावणारे लोक, सगळं. आठवतं मला."

"आणि ते तीन ठोके?"

"कसले?" तो म्हणाला. हातात पाना होता. त्यानं त्याच्याकडे बघितलं, आणि मग तो पाठीमागे धरला.

परत आत शिरताना तो दारात वाकला. त्या दारातून तो टाचा उंचावूनही ताठ जाऊ शकला असता.

आमच्या विभागप्रमुख मॅडम वाईट नाहीत. फक्त त्यांच्यापुढे गुरुवारची समिती होती.

"आराखडा पदाचा असतो गं, माणसाचा नसतो," त्या म्हणाल्या.

"पण तयार व्हायचं असतं ते माणसानं ना, मॅडम?"

"चौकटी काढल्या तर ते पद लाल होईल. प्लँटप्रमुखाचं पद, तयार कोणी नाही, आणि माणूस महिनाअखेरीला चालला. समिती विचारेल इतके महिने झोपला होतात का."

"झोपलोच होतो."

"तू रजेवर होतीस. आम्ही जागे होतो," त्या जरा लागेलसं बोलल्या. मग चष्मा काढून डोळे चोळले. "पुढच्या सहामाहीत दुरुस्त करू. वस्ताद म्हणतात त्याला सगळं येतं. त्यांच्याइतकं कोणाला कळतं?"

"मॅडम, माझी मुलगी त्या वाऱ्याच्या तोंडाशी झोपते."

मला ते असं बोलायचं नव्हतं. कामाच्या ठिकाणी बाई पोराचं नाव काढते तेव्हा समोरच्याचा चेहरा कसा मिटतो ते मला माहीत आहे. मॅडमचा मिटला नाही. त्यांनी खिडकीतून पिवळ्या इमारतीकडे बघितलं.

"एक पायरी परत करून घे," त्या म्हणाल्या. "सराव. बुधवारी. त्यात उभा राहिला तर बुधवारची तारीख टाकून ती एक हिरवी ठेवू, बाकीच्यांना पुढच्या तारखा देऊ. नाही राहिला तर बघू."

वस्तादांना सांगायला मी स्वतः गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पिकलेल्या मिशा, हाताला कायमचा वंगणाचा रंग.

"त्याचा सराव झालाय पोरी. मी स्वतः बघितलाय. काय सुंदर केला होता."

"वस्ताद, तो टॉवरनं केला होता."

"तेच तर म्हणतोय मी," ते म्हणाले, आणि माझ्याकडे असे बघत राहिले, जणू कळायला मलाच उशीर होतोय.

सरावाच्या दिवशी वस्तादांनी प्लँटमध्ये पाऊल टाकायचं नाही असं ठरलं. सुरक्षा अधिकारी घड्याळ आणि कागद घेऊन प्लँटच्या रस्त्यावर. मी निरीक्षक म्हणून पाळणाघरात जागा मागून घेतली. नियम साधा होता. सरावाचा प्रमुख वारा बघेल, पाळणाघराच्या फोनवर कळवेल, दारं-खिडक्या बंद करून आत थांबायचं की मागच्या फाटकातून मुलांना बाहेर काढायचं. फोन आल्याशिवाय कोणी हलायचं नाही. नाहीतर सराव कसला?

दुपारची वेळ. मुलं झोपली होती. पाळणाघरातल्या मावशी फोनशेजारी स्टूल घेऊन बसल्या होत्या. मी खिडकीशी, बाळ खांद्यावर. मोजा आमच्याकडे आडवा झालेला.

सायरन वाजला. दोन मुलं रडत उठली, मावशींनी एकाला मांडीवर घेतलं, एकीच्या पाठीवर हात ठेवला, पण नजर फोनवरून हलू दिली नाही.

खिडकीतून पाहुणा दिसला. हुकूम देत होता. आवाज ऐकू येत नव्हता, पण सगळं नेमकं चाललं होतं. कॉम्प्रेसरची घरघर बंद पडली. पाठीवर हवेची नळकांडी आणि तोंडावर मास्क चढवलेले दोघे बाहेरच्या बाजूनं मुख्य झडपेकडे गेले, ती त्यांनी बंद केल्याची खूण केली. त्यानं मान वर करून वारा बघितला. लोकांना वाऱ्याला आडवं, उजवीकडच्या फाटकाकडे पळवलं. एकही हालचाल फुकट नाही. आणि त्याची चाल. एवढा बुटका माणूस आणि ढांगा टाकत होता लांबच लांब, जणू पाय त्याचे नव्हते, कोणाकडून तरी आणले होते.

कँटीनच्या पायरीवर वस्ताद उभे होते. त्यांना प्लँटमध्ये यायची बंदी होती, बघायची नव्हती. त्यांचे ओठ हलत होते. पाहुणा हात उचलायचा त्याच्या एक क्षण आधी वस्तादांचे ओठ हलायचे.

फोन वाजला नाही.

"येईल," मावशी म्हणाल्या.

लोक फाटकाशी जमले. शिरगणती सुरू झाली. पाहुण्यानं पुन्हा वाऱ्याकडे बघितलं, मग वारा वाहत होता त्या दिशेला, म्हणजे आमच्याकडे. सरळ माझ्या खिडकीकडे. मी हात वर केला. त्याची नजर माझ्यावरून, इमारतीवरून, दारातल्या चपलांवरून अशी गेली, जणू मधे काही नाहीच. मागच्या कुंपणापर्यंत मोकळं मैदान बघावं तशी. मग त्यानं पाठ फिरवली.

"ताई," मावशी हलक्या आवाजात म्हणाल्या, "तो आपल्याला विसरला का हो?"

विसरायला आधी माहीत असावं लागतं. मी बाळाला इतकं घट्ट धरलं की ते जागं झालं. हा नुसता सराव आहे, गळलेलं काही नाही, हे मी स्वतःला सांगत होते. आणि तरी मी पदराची घडी करून तिच्या नाकाशी धरली होती.

सायरन थांबला. मी बाळाला घेऊन तशीच रस्त्यावर गेले. फाटकाशी सगळे खुशीत होते. थोरला फिटर पाहुण्याच्या पाठीवर थाप मारत होता.

"संख्या जुळली," पाहुणा सुरक्षा अधिकाऱ्याला सांगत होता. "एकही माणूस आत नाही."

"वारा जात होता त्या बाजूला कोण होतं?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"कोणी नाही. मागे मोकळं मैदान आहे."

थोरल्या फिटरचा हात त्याच्या पाठीवरून खाली आला.

"आणि पाळणाघर?" मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग बाळाकडे, मग माझ्या मागे पिवळ्या इमारतीकडे. त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. "मी रोज तिथून जातो," तो म्हणाला. "रोज जातो मी तिथून. मगाशी... मगाशी ते तिथे नव्हतं."

वस्ताद पायरी उतरून आले होते. "नव्हतंच," ते म्हणाले. आवाज अगदी साधा. "तो असताना कुठे होतं पाळणाघर? नंतर बांधलं ते."

मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. बाळानं त्यांच्याकडे बघून तोंड वाकडं केलं आणि रडायला लागलं. वस्तादांनी हात पुढे केला, वंगणाचा म्हणून तसाच मागे घेतला.

"मी याला शिकवलंच नाही," ते म्हणाले. "मी त्याला आठवण करून देत होतो."

हातातली टोपी पाहुण्यानं खाली ठेवली. आतल्या पट्ट्यावर टॉवरचा जुना क्रमांक होता, कोणीतरी रंगानं लिहिलेला. ती त्याला कोणी दिली आणि कधी, हे मी विचारलं नाही.

गुरुवारी ते पद लाल झालं. मॅडमनी स्वतः समितीला सांगितलं, आमची चूक म्हणून, माझं नाव कुठेही न घेता. वस्तादांना सहा महिने मुदतवाढ मिळाली, ती त्यांनीच मागितली. अट एक: पाहुण्याच्या स्वतंत्र कार्यभाराच्या काळात त्यांनी घरी बसायचं, आणि फोन त्यानं केला तरच उचलायचा. पायऱ्या आता माणसाला जोडायच्या, हेही ठरलं. सातही पदांच्या.

त्यासाठी मला टॉवरची बंद केलेली नोंद उघडावी लागली. त्याच्या चौकटी त्याला परत केल्या, एकेक तारीख. काम संपलं तेव्हा क्षणभर पडद्यावर फक्त तोच होता. आत्ता तयार. सगळ्या पायऱ्या हिरव्या. इतका तयार माणूस मी आमच्या आराखड्यात दुसरा बघितला नाही. नोंद बंद करताना माझं बोट थोडा वेळ तसंच थांबलं.

पाहुणा नव्या कागदावर सही करायला आला. त्याच्या नावाखाली एक परवाना, बाकी सगळ्या चौकटी पांढऱ्या, पुढच्या तारखांसह. मला वाटलं होतं त्याला वाईट वाटेल.

"त्याच्या तारखा बघू का?" त्यानं विचारलं.

मी दाखवल्या. त्यानं बोटानं ओळ धरून वाचलं.

"हा सहा आठवडे एकटा होता?"

"हो. वस्ताद रजेवर होते तेव्हा."

"एकटा," तो पुन्हा म्हणाला. पेनाचं टोपण काढलं, पण लगेच सही केली नाही. "मॅडम, मी आल्यापासून तिथे एक मिनिटही एकटा नव्हतो."

त्यानं सही केली आणि गेला. आमच्या खोलीचं दार चांगलं उंच आहे. मी बघत राहिले. तो ताठच गेला.

पाजायची वेळ झाली होती. प्लँटवरून जाताना मी थांबले, मोजा बघितला. वारा पडला होता, तो दांडीला लोंबत होता. आत कॉम्प्रेसर चालू करायची तयारी चालली होती. पाहुण्याचा आवाज आला, "चला, करा सुरू." ठोके पडले नाहीत. नुसती घरघर सुरू झाली.

धाकटा फिटर दारात उभा होता. तोही ऐकत होता.

"गेला वाटतं," तो म्हणाला.

मी पुढे निघाले. पिवळ्या इमारतीच्या दारात चपला काढताना मागून, फार हलके, कुठेतरी लोखंडावर लोखंड वाजल्यासारखं वाटलं. एकदा. मी श्वास धरून पुढच्या दोन ठोक्यांची वाट बघितली. आत बाळ रडत होतं, माझ्यासाठी, आणि तरी मी तिथेच उभी होते.